मधल्या सुट्टीतला सिनेमा: एका सूचनेचा प्रकरण अभ्यास

शाळेच्या सूचनाफलकावर मी लावलेली पहिली सूचना अशी होती:

"चित्रपट रसग्रहण मंडळ. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत दर्जेदार चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घेण्यात येईल. पहिले तीन विषय: मैत्री, युद्ध, पर्यावरण. इच्छुकांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत."

नावं एकतीस आली. पहिल्या शुक्रवारी प्रत्यक्षात नऊ मुलं आली, दुसऱ्या शुक्रवारी चार, आणि त्या चारांतली दोन बाहेर ऊन होतं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात मी क्लब थांबवला. पुढच्या सत्रात तोच क्लब, तीच खोली, तोच शुक्रवार ठेवून मी फक्त सूचना नव्यानं लिहिली. ती लिहिताना क्लबच नव्यानं आखावा लागला, कारण सूचनेतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या मागे मी न केलेलं काहीतरी काम होतं.

आधी शब्दांचं सांगते. "रसग्रहण" या शब्दानं किती मुलं दारातून परतली असतील याची मोजदाद नाही, पण एका मुलीनं सरळ विचारलं, "बाई, यावर प्रश्न येणार का परीक्षेत?" कवितेखालचा प्रश्न ज्या शब्दानं सुरू होतो त्याच शब्दानं मी जेवणाच्या सुट्टीचं आमंत्रण दिलं होतं. खालचे तीन विषयही निबंधाच्या वहीतून उचललेले. मैत्री, युद्ध, पर्यावरण: या यादीत सिनेमा कुठेच नाही. याच विषयांवर वक्तृत्व स्पर्धा झाली असती, भित्तिपत्रक झालं असतं.

पण मुलं आली नाहीत ते शब्दांमुळे. आलेली मुलं टिकली नाहीत त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते घड्याळात होतं.

आमची मधली सुट्टी १२:४० ते १:२०. चाळीस मिनिटं म्हणताना माझ्या डोक्यात पस्तीस मिनिटांचा सिनेमा होता. पहिल्या शुक्रवारी मी "मैत्री" या विषयाखाली पूर्ण लांबीचा चित्रपट लावला. तीन शुक्रवारांत संपेल असा हिशेब. मुलं १२:५० ला यायला लागली, कारण आधीचा तास संपवून, हात धुऊन, डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर यायचं असतं. १२:५८ ला सिनेमा सुरू झाला, १:१५ ला मी तो बंद केला. सतरा मिनिटांत नायकाचं घर, शाळा आणि नवा मित्र एवढंच झालं. पुढच्या शुक्रवारी आलेल्या चारपैकी एकाला मागचं माहीत नव्हतं. त्याला गोष्ट सांगण्यात तीन मिनिटं गेली, आणि ज्यांना ती माहीत होती त्यांनी तेवढ्यात डबे उघडले.

डबे उघडणं हा या प्रकरणातला मला सर्वांत उशिरा कळलेला मुद्दा. जेवताना माणूस खाली बघतो. घरी चालणारी मालिका जेवता जेवता कळते, कारण ती बरीचशी कानांनी कळते. चित्रपट मात्र डोळ्यांनी सांगितलेला असतो, आणि खाली उपशीर्षकं असतील तर डोळ्यांना दुप्पट काम. मी मागच्या बाकावर बसून नऊ मुलांच्या माना मोजत होते. कुठल्याही क्षणी तीन-चार माना खाली होत्या. पडद्यावर एक पत्र फाडलं जातं, पुढची सगळी गोष्ट त्या पत्रावर उभी आहे, आणि निम्म्या मुलांना ते फाटलेलं दिसलंच नाही.

तेव्हा दुसऱ्या सत्राआधी कागद घेऊन हिशेब मांडला. १२:४० ते १२:५५ जेवण, हवं तर त्याच खोलीत, दिवे चालू ठेवून. १२:५५ ला डबे बंद, दिवे बंद. १:१७ ला उठायचं, म्हणजे घंटेआधी वर्गात पोचता येतं. मधे उरली बावीस मिनिटं. बोलायला निदान सहा हवीत, कारण पहिलं दीड मिनिट कुणीच बोलत नाही. म्हणजे पडद्यासाठी सोळा मिनिटं. चाळीसची सोळा झाली की विषय बदलावेच लागतात. सोळा मिनिटांत "युद्ध" मावत नाही. सिनेमा एखादी गोष्ट कशी करतो हे मावतं. म्हणून नवे तिन्ही विषय कशाबद्दलचा सिनेमा हे न सांगता, सिनेमात काय बघायचं हे सांगणारे घेतले. आणि प्रत्येक विषय एकाच शुक्रवारी संपेल असा. पहिल्या सूचनेत एक विषय किती दिवस चालणार हे लिहिलंच नव्हतं. मुलांना वाटलं महिनाभर मैत्री.

पहिला विषय मी सुरुवातीला "मूकपट" असा लिहिला आणि खोडला. मला दाखवायची होती सत्यजित राय यांची 'टू' ही १९६४ ची छोटी कृष्णधवल फिल्म, पाव तासाच्या आसपासची. एका श्रीमंत घरातला मुलगा, खिडकीखाली झोपडीतला मुलगा, आणि दोघांत खेळण्यांची चढाओढ. तिच्यात एकही संवाद नाही, पण ती मूक नाही. खालच्या मुलाची बासरी, वरच्या मुलाची आवाज करणारी खेळणी यांवरच ती उभी आहे, आणि शेवटी वरच्या मुलाच्या खोलीत बासरीचा सूर शिरतो तेव्हा काय होतं ते आवाज बंद असेल तर कळणारच नाही. "मूकपट" लिहिलं असतं तर स्पीकर नसलेल्या खोलीतही चालेल असं मीच धरून चालले असते. विषयाचं नाव ठेवलं "एकही शब्द नाही".

त्याच दिवसासाठी आधी दुसरी फिल्म मनात होती, नॉर्मन मॅकलॅरन यांची 'नेबर्स', १९५२ ची, आठ मिनिटांची. दोन शेजारी एका फुलावरून भांडतात. खरी माणसं बाहुल्यांसारखी चौकट-चौकट हलवून केलेली, रंगीत, भर उन्हातली, म्हणजे दुपारच्या अर्धवट अंधाऱ्या खोलीतही स्वच्छ दिसणारी. मी ती विद्यार्थी असताना पाहिली होती आणि मला आठवत होती ती गंमत. पुन्हा पूर्ण पाहिली तेव्हा शेवटाकडे ते दोघे एकमेकांच्या बायका आणि तान्ही मुलं मारतात तो प्रसंग आला. पूर्वी काही काळ तो भाग कापून ही फिल्म दाखवली जात होती, नंतर परत जोडला गेला. बहुधा मी कापलेली प्रत पाहिली असावी. दहावीला कदाचित दाखवता आली असती, पण सूचना आठवीपासूनच्या मुलांना होती. आठवणीवर विसंबून विषय जाहीर करू नये हे मला आठ मिनिटांत कळलं, तेही सूचना लागण्याआधी, हे नशीब.

'टू' सोळा मिनिटांच्या काठावर बसते. पण १२:५५ ला दार लावून ती सुरू केली असती तर जेवणाच्या रांगेत उशीर झालेली किंवा वर्ग झाडायची पाळी असलेली मुलं बाहेर राहिली असती, आणि दार उघडं ठेवलं तर दर वेळी कॉरिडॉरचा उजेड पडद्यावर सांडतो. यावर उपाय एकशे तीस वर्षं जुन्या फिल्मनं दिला. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ केला त्यात दहा फिल्म होत्या, प्रत्येकी सुमारे पन्नास सेकंदांच्या. त्यांतली एक माळ्याची: माळी झाडांना पाणी घालतोय, एक पोरगं मागून नळीवर पाय देतं, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगं पाय काढतं. एवढीच. ही आधी लावायची. उशिरा येणाऱ्याचं फारसं काही बुडत नाही, वेळेवर आलेल्याला काहीतरी मिळतं, आणि मुख्य फिल्म १२:५७ ला सुरू होते. (आगगाडी पडद्यावर येताना बघून प्रेक्षक पळाले ही गोष्ट मुलं सांगतातच. ती आगगाडी त्या पहिल्या खेळात नव्हतीच, आणि पळापळीलाही धड पुरावा नाही. मी हे सांगितलं तर मुलं हिरमुसली. पुढच्या वेळी शेवटी सांगेन.)

दुसरा विषय "एकच खोली". इथे पूर्ण छोटी फिल्म न दाखवता एका मोठ्या चित्रपटातले सहा-सहा मिनिटांचे दोन तुकडे घेतले. सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७ चा, दीड तासाहून थोडा मोठा, आणि जवळजवळ सगळा एका खोलीत. बारा ज्युरर, म्हणजे खटल्यातला आरोपी दोषी आहे का हे ठरवायला बसलेली माणसं, एक टेबल, उकाडा. खोली बदलत नाही पण चित्रपट पुढे जाईल तशी ती आवळत गेल्यासारखी वाटते, आणि ते योगायोगानं होत नाही. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला आहे, मग पातळीत, शेवटी खाली. खालून बघितल्यावर छत दिसायला लागतं. त्याच्याबरोबर लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे मागची भिंत माणसाच्या पाठीला चिकटल्यासारखी दिसते. सुरुवातीचा एक तुकडा आणि शेवटाजवळचा एक, निकालाच्या आधी थांबणारा, असे लागोपाठ लावले तर मुलांना फरक दिसतो. एकटा तुकडा लावला तर फक्त बारा माणसं भांडताना दिसतात.

या दुसऱ्या विषयानं कागदपत्रांचा प्रश्नही आणला. घरच्या सबस्क्रिप्शनवर सिनेमा लावणं सोपं वाटतं, पण अशा सेवांच्या अटींत सहसा ते घरगुती वापरासाठीच दिलेलं असतं. शिकवण्यासाठी चित्रपट दाखवायची सवलत अनेक देशांच्या कायद्यात असते, पण ती बहुतेक ठिकाणी वर्गातल्या शिकवण्याला धरून लिहिलेली असते. मधल्या सुट्टीतला, ऐच्छिक, अभ्यासक्रमाबाहेरचा क्लब तिच्यात बसतो असं शिक्षकानं आपल्या मनानं ठरवू नये. "जुना आहे, आता कुणाचा हक्क असणार" हेही धोक्याचं. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात चित्रपटासाठी प्रदर्शनानंतर किमान ५० वर्षं संरक्षण ठरलेलं आहे आणि पुष्कळ देश त्याहून जास्त देतात. मी मुख्याध्यापकांकडे एकाच कागदावर तिन्ही शुक्रवारांची यादी, मिनिटं आणि प्रत कुठून घेणार हे लिहून दिलं आणि परवाना हातात येईपर्यंत सूचना लावली नाही. पहिल्या सत्रात मी हा कागदच केला नव्हता.

तिसऱ्या विषयाला परवाना लागत नाही, म्हणून तो मुद्दाम तिसरा ठेवला. काही अडलं असतं तर तोच पहिला केला असता. विषय "तोच चेहरा, वेगळा शेजार". लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा जुना प्रयोग: एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडायचा. एकदा सूपचा वाडगा, एकदा शवपेटी. लोकांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसते, एकदा दुःख. मूळ फीत आज हाती नाही, आणि प्रेक्षकांनी नेमकं काय म्हटलं याच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे मुलांना हकिकत सांगण्यापेक्षा तो प्रयोग करूनच बघायचा. एका शिक्षकांच्या चेहऱ्याचा फोटो, कसलाही भाव नसलेला. तीन चित्रं: रिकामं बाक, वाढदिवसाचा फुगा, लाल शेरा मारलेली उत्तरपत्रिका. चेहरा तीन सेकंद, चित्र तीन सेकंद, पुन्हा चेहरा तीन सेकंद. खोलीतल्या मुलांचे तीन गट करायचे आणि दोन गटांना डोळे मिटायला लावून प्रत्येक गटाला एकच जोडी दाखवायची, मग सरांना काय वाटत होतं ते चिठ्ठीवर लिहायला सांगायचं. गट न करता तिन्ही जोड्या सगळ्यांना दाखवल्या तर हुशार मुलं लगेच ओळखतात की फोटो तोच आहे, आणि प्रयोग तिथेच संपतो.

हे सगळं ठरल्यावर सूचना लिहायला दहा मिनिटं लागली. ती अशी:

"शुक्रवारचा सिनेमा. आठवी ते दहावी. दुसरा मजला, दृक्श्राव्य खोली.
१२:४० पासून खोली उघडी आहे, डबा घेऊन या. १२:५५ ला दिवे बंद, डबे बंद. १:१७ ला मोकळे. घंटेआधी वर्गात पोचाल.
पहिला शुक्रवार: एकही शब्द नाही. दोन मुलं, एक खिडकी, आणि भांडण. कुणी बोलत नाही, तरी भांडण कळतं. कसं?
दुसरा शुक्रवार: एकच खोली. खोली तीच, माणसं तीच. मग ती लहान का होत जाते?
तिसरा शुक्रवार: तोच चेहरा, वेगळा शेजार. एका सरांचा फोटो बघून त्यांच्या मनातलं ओळखायचं. (सरांनी परवानगी दिली आहे.)
प्रत्येक शुक्रवार वेगळा आहे. एक चुकला तर पुढच्याला या. नाव द्यायची गरज नाही. गुण नाहीत, वही नको.
उशीर झाला तर १२:५७ पर्यंत मागच्या दारानं या."

"नाव द्यायची गरज नाही" या ओळीवर सहकाऱ्यांशी थोडा वाद झाला. नावं घेतली तर खुर्च्यांचा अंदाज येतो, हे खरं. पण एकतीस नावांतून नऊ मुलं आली तेव्हा त्या यादीचा अंदाजासाठी काहीच उपयोग झाला नव्हता. उलट नाव देऊन न आलेली मुलं नंतर मला टाळत होती. आता येतील त्यांची संख्या दारातच मोजायची, एवढंच ठेवलं. खोलीत चाळीस बसतात.

पहिल्या शुक्रवारी सव्वीस मुलं आली. दुसऱ्या शुक्रवारी एकोणीस, तिसऱ्या चौतीस. तिसऱ्या आकड्याचं श्रेय माझ्या सूचनेला फारसं नाही. सरांचा फोटो बघायला त्यांचा अख्खा वर्ग आला होता. आणि दुसऱ्या शुक्रवारी घट का झाली हेही साधं आहे. तुकडे दाखवले. दोन मुलांनी स्वच्छ सांगितलं, "बाई, अर्धवट बघायला मजा येत नाही." खोली लहान कशी होते यावर बोलणं चांगलं झालं, पण त्यांना तो माणूस दोषी होता का नाही एवढंच हवं होतं. सूचनेत मी "दोन तुकडे" हे शब्द लिहिले नव्हते. लिहिले असते तर कदाचित एकोणीसच्या ऐवजी पंधरा आली असती, पण त्या पंधरांना काय मिळणार हे आधी ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट फसली. 'टू' मध्ये झोपडीतला मुलगा बाहेर, आकाशाखाली असतो तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. घरातल्या सावलीतले भाग मात्र पडद्यावर करडे झाले. आमच्या खोलीला जाड पडदे आहेत पण वरच्या झडपांना नाहीत, आणि दुपारी एकला ऊन नेमकं तिथून येतं. मी फिल्म आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला लावून तपासली होती. त्याच खोलीत, पण दुसऱ्या उजेडात. आता तपासणी गुरुवारी मधल्या सुट्टीतच होते, आणि मागच्या बाकावर बसून. पुढून सगळंच उजळ दिसतं.

चर्चेच्या सहा मिनिटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिला प्रश्न सूचनेत आधीच छापलेला असल्यामुळे मुलं तो डोक्यात घेऊन आली होती आणि शांततेचं दीड मिनिट अर्ध्यावर आलं. "कसं वाटलं?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. त्याचं उत्तर "छान" असतं.

तिसऱ्या शुक्रवारनंतर दारात एक खोकं ठेवलं, चौथ्या विषयासाठी चिठ्ठ्या टाकायला. चिठ्ठ्यांत भूत जास्त होतं, पण "खोटा चंद्र" लिहिणाऱ्या दोघी मागे लागल्या, म्हणून सूचना लिहायचं काम त्यांनाच दिलं. त्यांना जॉर्ज मेलिएस यांची १९०२ ची चंद्रावरची फिल्म दाखवायची होती. एकीला ती एका ठिकाणी साडेनऊ मिनिटांची दिसली, दुसरीला दुसऱ्या ठिकाणी चौदा, आणि दोघींनी एकमेकींची फिल्म कापलेली आहे असं ठरवून टाकलं. मग आम्ही फळ्यावर गणित केलं. फीत सुमारे २६० मीटर. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चौकटी, म्हणजे एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. त्या काळच्या सवयीनं सेकंदाला १६ चौकटी चालवल्या तर चौदा मिनिटं, नंतरच्या २४ च्या वेगानं चालवल्या तर साडेनऊ. कापलेलं काहीच नाही; एका प्रतीत चांद्रवीर चालतात, दुसरीत पळतात.

त्यांनी लिहून आणलेल्या सूचनेत विषयाच्या नावाखाली पहिलीच ओळ होती: "१४ मिनिटं. चालणारी प्रत."